जून की शिळे? लेस्टरच्या दुकानात दुधी, शिराळी आणि कारली निवडताना

लेस्टरमधल्या ज्या दुकानातून आम्ही भाजी आणतो, तेथे गेल्या आठवड्यात दुधीच्या खोक्यावर इंग्रजी आणि गुजराती अशा दोन भाषांत एक पाटी लागली: भाजीला नख लावू नये. पाटीतले कारण खरे आहे. नखाची खूण काही तासांत तपकिरी होते, तेथून पाणी निघून जाते आणि दोन दिवसांत त्याच जागी कूज सुरू होते. तरीही मला ती पाटी थोडी झोंबली, कारण ती आपल्याच लोकांना उद्देशून होती आणि नखाशिवाय आपल्याला भाजी कळत नाही, असा तिचा सूर होता. आमच्या गुहागरच्या बाजारात वाटे मांडून बसणाऱ्या बायकांसमोर दुधीला नख लावण्याची कोणाची छाती नाही. तेथे सगळे डोळ्यांनी आणि हाताच्या वजनानेच ठरते.

मात्र तेथले डोळे येथे जसेच्या तसे चालत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. गुहागरात भाजी त्याच सकाळी मांडवावरून उतरलेली असते. तिच्यात दोष असलाच, तर ती जून असण्याचा असतो, म्हणजे ती वेलावरच जास्त दिवस राहिलेली असते. लेस्टरला पोचणारी भाजी बहुधा वेळेवर तोडलेली असते, पण पुढचे कित्येक दिवस तिने खोक्यात आणि विमानात काढलेले असतात. शिळी भाजी आणि जून भाजी बाहेरून जवळजवळ सारख्याच निस्तेज दिसतात. आत मात्र फार फरक असतो, कारण शिळी भाजी शिजते आणि जून भाजीचा चोथा होतो.

दुधीचेच पाहा. कोवळ्या दुधीचा रंग फिकट हिरवा असतो, सालीवर सौम्य तकाकी असते आणि देठाजवळ बोट फिरवले तर बारीक लव लागते. फळ जून होऊ लागले की ही लव झडते, साल जाड होते आणि तकाकी जाऊन तिच्यावर मेणासारखी मंद छटा येते. प्रवासात मात्र लव घासूनही जाते, त्यामुळे येथे लव नसणे हा पुरावा धरता येत नाही. तकाकीही फसवते, कारण दुकानदार भाजीवर पाणी शिंपडतात. म्हणून मी दुधी रुमालाने कोरडा पुसते आणि मगच पाहते. पाण्याची चमक पुसली जाते, सालीची राहते. त्यानंतर सारख्या आकाराचे दोन दुधी दोन हातांत धरून जड असलेला घेते, कारण जून दुधीचा गर आतून भुसभुशीत आणि हलका होतो. लांब जातीच्या दुधीत बिया मुख्यतः खालच्या भागात असतात. खालचा भाग वरच्यापेक्षा ठळकपणे फुगलेला असेल, तर बिया पोसल्या आहेत असे समजावे.

गेल्या शनिवारी मी मुद्दाम दोन दुधी आणले. एक निस्तेज आणि वाळलेल्या देठाचा होता, दुसरा चांगला चकचकीत, पण खाली फुगलेला. दोन्ही कापून मोबाइलवरून आईला दाखवले. पहिल्याच्या बिया पांढऱ्या, चपट्या आणि सुरीने गराबरोबर सहज कापल्या जाणाऱ्या होत्या. आई म्हणाली, "अगं, तो जून नाही, नुसता शिळा आहे. चणाडाळ घालून भाजी कर." दुसऱ्याच्या बियांवर कडक कवच चढले होते आणि मधला गर स्पंजासारखा झाला होता. तो मधला भाग काढून टाकला आणि सालीलगतचा घट्ट गर किसून हलव्याला घेतला. दोन्ही दुधींची एकेक चकती आधी कच्चीच जिभेला लावून पाहिली होती. दुधी कडू लागला तर तो पूर्ण टाकूनच द्यावा. तो कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, तो शिजवून जात नाही आणि त्याने गंभीर विषबाधा होऊ शकते.

शिराळ्याचे गणित अधिक घाईचे असते. फूल उमलल्यापासून साधारण आठवड्याभरात फळ तोडावे लागते, नाहीतर आतले धागे कडक होऊ लागतात. येथे बियांवर पूर्ण विसंबता येत नाही, कारण बिया काळ्या होण्याच्या आधीच धागा तयार झालेला असतो. काळी बी दिसली तर शिराळे जून हे नक्की, पण पांढरी बी दिसली म्हणून ते कोवळेच असेल असे नाही. त्यामुळे आधी शिरा पाहाव्यात. शिरेची कड अंगठ्याने हळूच दाबली की कोवळी शीर मोडते आणि जून शीर तारेसारखी परत उभी राहते. शिरांच्या कडा तपकिरी दिसल्या म्हणून घाबरू नये, त्या खोक्यात घासूनही तशा होतात. अख्खे शिराळे रबरासारखे वाकत असेल तर ते तहानलेले आहे, जून नव्हे. आकाराच्या मानाने ते हलके लागले आणि त्याचा हिरवा रंग पिवळट पडू लागला असेल, तर मात्र ते खोक्यातच राहू द्यावे. आमच्या घरी शिरांची चटणी होतेच, आणि ज्या शिराळ्याच्या शिरा चटणीला चालतात त्याची भाजी कधी बिघडत नाही.

कारल्याच्या बाबतीत रंगाची तुलना एकाच ढिगातल्या कारल्यांमध्ये करावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तारा' ही काटेरी, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती जात पाहिलेल्या माणसाला येथली गुळगुळीत उंचवट्यांची फिकट चिनी कारली जूनच वाटतात. ती जून नसतात, त्यांचा रंगच तसा असतो. एकाच ढिगात मात्र जे कारले इतरांपेक्षा फिकट, ज्याचे काटे पसरट झालेले आणि ज्याच्या टोकाला पिवळी झाक आलेली, ते पिकू लागलेले असते. कारल्याची खोड अशी की ते तोडल्यानंतरही पिकत राहते. म्हणजे दुधी आणि शिराळे खोक्यात फक्त शिळे होतात, तर कारले खोक्यात जूनही होते आणि त्याची बी वाटेतच कडक होते. बी पांढरी व मऊ असेल तर भरली कारली करावीत. बीवर कडक, नक्षीदार कवच आले असेल तर मधला भाग काढून काचऱ्या कराव्यात. बीभोवती लाल गर आला असेल तर कारले पूर्ण पिकले आहे. ते मऊ पडते, त्याच्या काचऱ्याही कुरकुरीत होत नाहीत.

एक जुनी खंत येथेच सांगते. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीसारख्या किडींमुळे हापूस बंद केला, तेव्हा त्याच यादीत कारलेही होते. हापूसवरची बंदी 2015 च्या आरंभी उठली आणि त्याची बातमी सगळीकडे झाली. कारल्याला मात्र त्यानंतरही थांबावे लागले, आणि त्याबद्दल तिकडे कोणी एक ओळ लिहिल्याचे मला आठवत नाही.

घरी आणल्यावरची अडचण तिन्ही भाज्यांची सारखीच आहे. त्यांना साधारण 10 ते 12 अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर घरातला फ्रिज 4 अंशांच्या आसपास असतो. त्यात चार-पाच दिवस ठेवलेल्या कारल्यावर पाणचट डाग आणि खड्डे पडतात. ओट्यावर ठेवले तर ते पिवळे पडते, आणि शेजारी केळी किंवा सफरचंदे असतील तर आणखी लवकर. म्हणून मी तिन्ही भाज्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवते, कारण तेथे थंडी थोडी कमी असते. कारली दुसऱ्या दिवशी, शिराळी तिसऱ्या दिवशी आणि दुधी शेवटी, असा क्रम लावला की सहसा काही टाकावे लागत नाही. दुकानात खोकी कोणत्या वारी उतरतात हे विचारून ठेवले आहे. आमच्याकडे तो गुरुवार आहे, आणि शनिवारच्या गर्दीत उरलेल्या मालावर मी आता फक्त दुधीपुरताच भरवसा ठेवते.