दोन गळत्या, एक रिपोर्ट

गळती शोधणं हा माझा धंदा. नेरूळच्या एका जुन्या सोसायटीतून जुलैत फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं छत ठिबकत होतं आणि बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल होती. सेक्रेटरी निवृत्त बँकवाले, वाचन दांडगं. जिन्यातच त्यांनी मला ऐकवलं, "ऑकमचा वस्तरा माहितेय ना? एका कारणात भागतंय तर दोन कशाला मानायची? वरच्यांचं बाथरूम फुटलंय, एवढंच." मला पटलं. खरं सांगायचं तर सोयीचंही होतं.

वरच्या बाथरूममध्ये पाँडिंग टेस्ट केली. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच लाल पाणी भरलं आणि पातळीवर खूण केली. दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली होती आणि खालच्या छतावर लाल थेंब आला होता. ट्रॅपच्या जोडातून पाणी जात होतं, यात शंकाच नाही. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: "दोन्ही ठिकाणच्या ओलीचा स्रोत एकच." वरच्या काकांनी ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि खालच्यांच्या बेडरूमच्या रंगाचे 14,000 रुपयेही दिले.

बाथरूम कोरडं झालं. बेडरूम नाही.

पहिल्यांदा मी म्हटलं, स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी आहे, सुकायला वेळ लागणारच. हे खोटं नसतं, म्हणूनच ते धोकादायक. तेवढ्यात गणपती आले. काका कोकणात गेले, जाताना पाण्याचा मेन वॉल्व्ह बंद करून गेले. त्याच आठवड्यात पाऊस कोसळला आणि खालच्या वहिनींचा फोन आला, "दादा, डाग वाढलाय."

घरी जुनी वही काढली. पहिल्याच भेटीत वहिनींनी सांगितलेलं माझ्याच अक्षरात होतं: बाथरूम सकाळी सात ते नऊ ठिबकतं, भिंत पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी सुकते. दोन वेळापत्रकं, आणि मी ती एकाखाली एक लिहून पान उलटलं होतं. पुढे डागाचं चित्र. डाग स्लॅबला टेकलेलाच नव्हता, छताखाली तीन फुटांवर सुरू होत होता. बाथरूम आणि ती भिंत यांच्यात पॅसेज होता, अकरा फुटांचा, आणि त्याचं छत कोरडं ठणठणीत. म्हणजे माझं "एकच कारण" खरं ठरायला पाण्यानं स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात शिरावं, वाटेत कुठंही न पाझरता अकरा फूट जावं, आणि भिंतीच्या मधोमध बाहेर यावं. असं होतं कधीकधी, मी पाहिलंय. पण इथं त्याची एकही खूण नव्हती. एक कारण मोजलं, त्याला धरून गृहीतं तीन घेतली, आणि ती हिशेबात धरलीच नाहीत. उलट जुन्या इमारतीत ट्रॅप गळणं आणि बाहेरच्या भिंतीला भेग पडणं, दोन्ही रोजचंच. दोन्ही एकाच घरात असणं हा काही मोठा योगायोग नव्हे.

चौदाव्या शतकातला तो इंग्रज भिक्षू ऑकम म्हणाला होता ते असं, की गरज नसताना बहुत्व मानू नये. "गरज नसताना" एवढे दोन शब्द सेक्रेटरींनी आणि मी मिळून गिळले होते.

पण दुसरं कारण नुसतं चिकटवून चालत नाही. तसं केलं तर कुठलीही गळती कशानंही समजावता येते. म्हणून मी आधी सेक्रेटरींना लिहून दिलं: वरचा वॉल्व्ह बंद असताना बाहेरून पाणी मारलं तर डाग ओला होईल, नाही झाला तर माझं चुकलं. मग दोन कोरडे दिवस मिळाल्यावर बाहेरच्या भिंतीवर दोरीच्या झोपाळ्यावरून माणूस उतरवला आणि पाइपनं खालून वर पाणी मारत गेलो, प्रत्येक टप्प्याला पंधरा मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडं जातो आणि पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. खालच्या दोन टप्प्यांना आत काही नाही. तिसऱ्याला, जिथं कॉलम आणि विटांची भिंत भेटते तिथं, आतलं मॉइश्चर मीटर चढू लागलं. काँक्रीट आणि वीट ऊन-पावसात सारखी हलत नाहीत. जोडावर प्लास्टरखाली जाळी नसेल तर तिथं उभी भेग पडते. इथं नखाएवढी होती.

पाऊस गेल्यावर भेग कापून भरली, जाळी मारून प्लास्टर केलं. बाहेरची भिंत सोसायटीची, तेव्हा खर्चही सोसायटीचा.

काका कोकणातून आले तेव्हा मी सुधारित रिपोर्ट घेऊन वर गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला. "ट्रॅप माझाच होता, ते कबूल," म्हणाले. "पण बेडरूमचा रंग मी कशाला भरला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कमिटीनं ते पैसे परत करावेत असं रिपोर्टात लिहिलंच होतं. माझी पहिली फी मी तिथंच परत केली. सेक्रेटरींनी दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलला लावले, जुना वर, नवा खाली. मी तो क्रम बदलायला सांगितला.