काचेतला दुपारचा आरसा

सकाळी मालकांनी फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ: "तुमच्या चित्रात दिसतं ते इथे का दिसत नाही?" फोटोत त्यांच्या दुकानाची दर्शनी काच होती. काचेत समोरची पांढरी इमारत, तिच्या खिडक्या, वाळत घातलेल्या चादरी, सगळं स्वच्छ. सणासाठी सजवलेले तीन पुतळे मात्र कुठे आहेत ते शोधावं लागत होतं.

त्या काचेचं चित्र, म्हणजे डिस्प्ले उभा राहण्याआधीचं थ्रीडी रेंडर, मी केलं होतं. वेळ संध्याकाळची. गर्द मरून मखमलीचा पडदा, 30 सेंटिमीटर उंचीच्या चौथऱ्यावर तीन पुतळे, मधल्याच्या अंगावर मोतिया रंगाचा जरीचा पायघोळ पोशाख, वरून 3000 केल्विनचा उबदार उजेड आणि काचेवर रस्त्याच्या दिव्यांची हलकी झाक. सगळ्यांना आवडलं होतं. एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. त्या दृश्यात काच नव्हतीच. रेंडरला वेळ लागतो म्हणून मी ती काढून टाकली होती आणि रस्त्याचा एक फोटो 15 टक्के अपारदर्शकतेने वरून चढवला होता. या धंद्यात हे सर्रास चालतं.

संध्याकाळी ते खपून जातं, कारण तेव्हा बाहेर अंधार असतो आणि खरं प्रतिबिंबही तितकंच क्षीण असतं. दुपारी काय होतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खरी काच बसवली. नुसता सपाट पत्रा नाही, 12 मिलिमीटर जाडीची, कारण काचेला दोन पृष्ठभाग असतात. समोरून पाहिलं तर प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के उजेड परत फेकतो, मिळून 8. सूर्य दुकानाच्या पाठीमागे ठेवला, समोरची इमारत बांधली आणि रेंडर लावला. हुबेहूब मालकांचा फोटो! माझा पहिला संशय सॉफ्टवेअरवर. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात काचेचं मटेरियल बाहेरचा उजेड सावलीसारखा अडवतं, त्यामुळे आतलं दृश्य उगाच काळवंडतं. त्यावर नेहमीचा उपाय केला: `Light Path` नोडचं `Is Shadow Ray` वापरून सावलीच्या किरणांपुरती काच पारदर्शक केली. आत थोडा उजेड आला. पुतळे तरीही गायब.

दुपारी चारला कॅमेरा आणि टेप घेऊन दुकानात गेलो. मोजायचं होतं कपड्यावरून किती उजेड येतो ते, पण काचेबाहेरून मोजलं तर प्रतिबिंबच मोजलं जातं. म्हणून डिस्प्लेच्या आत शिरलो, मखमलीला पाठ लावून अंग चोरून उभा राहिलो आणि मोतिया पोशाखावर स्पॉट मीटरिंग केलं. मग बाहेर येऊन समोरच्या उन्हातल्या भिंतीवर. फरक साडेपाच स्टॉपपेक्षा थोडा जास्त आला. दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे भिंत कपड्यापेक्षा साधारण 50 पट उजळ. 50 चे 8 टक्के म्हणजे 4. काचेत दिसणारी भिंत आतल्या पोशाखापेक्षा चौपट उजळ होती. मरून मखमलीचं तर विचारूच नका. तिच्यावरून जवळपास काहीच उजेड येत नव्हता. गडद पडद्यासमोरची काच हा पाऱ्याचा मुलामा न दिलेला आरसाच.

"मग आत दिवे वाढवू," मालक म्हणाले.

"किती? चौपट केलेत तर जेमतेम बरोबरी होईल. आणि पुतळ्यांच्या डोक्यावर एवढी उष्णता साठेल की कपड्यांचीच काळजी."

"नाहीतर बाहेर छत काढू."

हे ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून तेही तपासायचं ठरवलं. पण त्याआधी काचेसमोर उभं असताना एक गोष्ट लक्षात आली. काचेत माझी स्वतःची आकृती काळी दिसत होती आणि त्या काळ्या भागात मधल्या पुतळ्याचा पोशाख जरीसकट स्पष्ट दिसत होता. म्हणजे प्रश्न काचेचा नव्हता, काचेत कुठली वस्तू पडते याचा होता. पुतळ्यांचे घेर खालच्या बाजूला दिसतच होते, कारण तिथे सावलीतला फुटपाथ पडत होता. डोकी मात्र बुडाली होती.

मालकांच्या टेबलावरच कागद घेतला. पाहणाऱ्याचा डोळा 1.6 मीटरवर, तो काचेपासून 2 मीटर दूर, पुतळा काचेमागे 1 मीटर. चौथऱ्यासकट पुतळ्याचं डोकं 2.1 मीटरवर. डोळ्यापासून डोक्यापर्यंत नजर 3 मीटरमध्ये अर्धा मीटर चढते. तीच चढण काचेवरून उलट फिरवून 10 मीटरवरच्या समोरच्या इमारतीपर्यंत नेली, तर ती 3.6 मीटर उंचीवर लागते. तिथे उन्हातला पांढरा पहिला मजला. आता चौथरा काढा. डोकं 1.8 वर येतं, चढण कमी होते आणि नजर समोर 2.4 मीटरच्या आसपास टेकते. तिथे समोरच्या दुकानांचे दर्शनी भाग, त्यांच्या स्वतःच्या छज्जाच्या सावलीत. कॅमेऱ्याने तो पट्टा मोजला: भिंतीच्या विसाव्या भागाइतका उजळ. काचेत तो कपड्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच उतरणार होता.

छताचंही त्याच रेघेवर कळलं. 2.5 मीटर उंचीचं, दीड मीटर बाहेर आलेलं छत त्या नजरेच्या वरच राहतं, रेघ 2.2 मीटरच्या जरा खालून निघून जाते. छत आकाश अडवेल, समोरची भिंत नाही.

लोक चालत जातील तेव्हा काय, असं सजावट करणाऱ्या ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. माणूस सरकतो तसं प्रतिबिंब आडवं सरकतं, त्यामुळे एखादं झाड पकडून पुतळा बसवला असता तर दोन पावलांत फसलो असतो. पण छज्जाखालची सावली रस्त्याच्या लांबीभर होती. आडवं काहीही सरकलं तरी उंचीचं गणित फारसं हलत नव्हतं.

"चौथरा काढला तर पुतळ्याच्या पायाखालची लोखंडी तबकडी दिसेल," ताई म्हणाल्या. हा त्यांचा प्रांत. त्यांनी सुताराला बोलावून फळीत तबकडीएवढी खाच पाडायला सांगितली. मखमल उतरवून फिकट सोनेरी कापड लावायचं ठरलं, ते थोडं नाराजीनेच. संध्याकाळी मरून जास्त शोभतो हे मलाही मान्य आहे.

खाच व्हायची होती, तरी मालकांना धीर नव्हता. दोघांनी मधला पुतळा उचलून चौथऱ्याशेजारी सरळ जमिनीवर उभा केला. आम्ही बाहेर आलो. ऊन अजून समोरच्या भिंतीवर तसंच होतं. शेजारचे दोन पुतळे गळ्यापासून वर पांढरे, आणि मधल्याचा चेहरा, गळा, खांद्यावरची जर, सगळं जागच्या जागी.

ताई काचेजवळ गेल्या, थोडं वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हिच्या एका कानात काहीच नाही! चार दिवस अशीच उभी आहे."