एकच समीकरण, श्रेढी दोन्ही दिशांनी: `x³` च्या पी.आय.ची नोंदवही

नोंद १

गेले तीन आठवडे रात्रीच्या जेवणानंतरचा तासभर मी एकाच समीकरणावर घालवीत आहे. समीकरण साधेच आहे:

y″ − 3y′ + 2y = x³

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात, ज्याला आम्ही सारेच एम-थ्री म्हणत असू त्या विषयात, असली उदाहरणे ढिगाने सोडवली होती. परंतु तेव्हा `1/f(D)` चा विस्तार का चालतो हे कोणी विचारले नाही आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. या वेळी तेथूनच आरंभ केला. D म्हणजे x च्या सापेक्ष अवकलन करणारा ऑपरेटर असे धरले, तर समीकरण (D² − 3D + 2)y = x³ असे होते आणि विशिष्ट समाकल, म्हणजेच पी.आय., आपण `1/(2 − 3D + D²)` हा ऑपरेटर x³ वर चालवून काढतो. जॉर्ज बूल यांचा १८४४ सालचा प्रसिद्ध निबंध अशाच चिन्हांच्या बीजगणितावर आहे, आणि D ला संख्येसारखे वागवण्याचे धाडस त्या काळी किती जणांना खटकले असेल, याची कल्पना हा विस्तार स्वतः करून पाहताना येते.

धाडस वाटते ते अभिसरणामुळे. संख्यांच्या बाबतीत 1/(1 − t) = 1 + t + t² + … ही श्रेढी t चे मान १ पेक्षा लहान असतानाच खरी ठरते; मग D हा ‘लहान’ आहे असे कोणत्या अर्थाने म्हणायचे? उत्तर असे की तसे म्हणण्याची गरजच पडत नाही. x³ चे चार वेळा अवकलन केले की शून्य उरते, त्यामुळे D⁴ आणि त्यापुढचे सर्व घात या बहुपदीसाठी शून्यच आहेत. c₀ + c₁D + c₂D² + c₃D³ एवढाच तुकडा असा निवडला की त्याला f(D) ने गुणल्यावर 1 आणि त्यापुढे केवळ D⁴ किंवा त्याहून मोठे घात उरावेत, तर त्या गुणाकाराची x³ वरची क्रिया नेमकी x³ देते. श्रेढी येथे कापली म्हणून उत्तर अंदाजे येत नाही. ते अचूकच असते.

दोन मर्यादा मात्र लगेच लिहून ठेवल्या. पहिली, समीकरणाचे सहगुणक स्थिर हवेत. x आणि D यांचा क्रम बदलता येत नसल्याने xy′ सारखे पद आले की हे बीजगणित कोसळते. दुसरी, उजवी बाजू खरोखर बहुपदी हवी. गंमत म्हणून (1 − D)y = e²ˣ वर हाच विस्तार चालवला, तर e²ˣ च्या मागे 1 + 2 + 4 + 8 + … अशी फुगत जाणारी बेरीज उभी राहते, आणि खरे उत्तर मात्र −e²ˣ आहे.

नोंद २

पहिल्या दिवशी पुस्तकी पद्धतीने गेलो. 2 बाहेर काढला, u = (3D − D²)/2 असे लिहिले आणि ½(1 + u + u² + u³) हा विस्तार केला. माझे उत्तर आले:

x³/2 + 9x²/4 + 21x/4 + 81/8

हे मूळ समीकरणात परत घातले तेव्हा डाव्या बाजूला x³ ऐवजी x³ + 9 मिळाले. चूक शोधायला अर्धा तास गेला, पण उरलेला तो ९ स्वतःच पत्ता सांगत होता, हे नंतर ध्यानात आले. समजा उत्तरातले फक्त स्थिर पद e इतके चुकले आहे. त्याचे अवकलज शून्य असल्याने डाव्या बाजूला फक्त 2e एवढीच बाकी दिसणार. बाकी निव्वळ स्थिरांक होती, म्हणजे x³, x² आणि x यांचे सहगुणक बरोबर होते आणि स्थिर पद ९/२ ने चुकले होते. स्थिर पद D³ च्या सहगुणकातून येते, तेव्हा शोध तेवढ्यावरच आणता आला. u² उघडताना मी 9D²/4 लिहून पुढे सरकलो होतो. त्याच वर्गातले −6D³/4 हे पद राहून गेले होते. u³ मधून 27/8 येतो, u² मधून −12/8, आणि मिळून 15/8; मग स्थिर पद ½ × 15/8 × 6 = 45/8. आता

y = x³/2 + 9x²/4 + 21x/4 + 45/8

हे समीकरणात घातले की नेमके x³ मिळते.

माझ्या मते ही चूक निष्काळजीपणापेक्षा मांडणीतून अधिक येते. ‘u च्या तिसऱ्या घातापर्यंत’ आणि ‘D च्या तिसऱ्या घातापर्यंत’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि u मध्ये दोन पदे असली की एकाच D³ चे तुकडे दोन ठिकाणी विखुरतात.

नोंद ३

म्हणून u सोडून दिला. f(D) × (c₀ + c₁D + c₂D² + …) = 1 असे लिहून D च्या एकेका घाताचे सहगुणक जुळवले, की 2c₀ = 1 मिळते, 2c₁ = 3c₀ मिळते आणि पुढे प्रत्येक वेळी 2cₙ = 3cₙ₋₁ − cₙ₋₂. हा सरळ भागाकारच आहे, शाळेत बहुपदींचा करतो तसा, फक्त चढत्या घातांनी मांडलेला. पडताळ्यासाठी तो संगणकावरही लिहिला:

```python
from fractions import Fraction as F
a = [2, -3, 1]      # 2 - 3D + D^2
c = []
for n in range(4):
    s = sum(a[k]*c[n-k] for k in range(1, min(n, 2) + 1))
    c.append((F(n == 0) - s) / a[0])
print(*c)
```

पडद्यावर `1/2 3/4 7/8 15/16` उमटले. ही माळ पाहून थांबलो, कारण इतकी सुबक माळ योगायोगाने येत नाही. छेदाचे अवयव (1 − D)(2 − D) असे पडतात आणि आंशिक अपूर्णांक केले की 1/(1 − D) − 1/(2 − D) मिळते. पहिल्याचा प्रत्येक सहगुणक १, दुसऱ्याचे ½, ¼, ⅛, …, आणि वजाबाकीत हीच माळ. हे अंश लक्षात ठेवा, ते नोंद ५ मध्ये परत भेटतात.

नोंद ४

f(0) = 0 असले तर 1/f(0) ने सुरुवातच करता येत नाही, म्हणून D चा जेवढा घात बाहेर निघेल तेवढा काढून ठेवावा लागतो. y‴ + y″ = x² घेतले. येथे f(D) = D²(1 + D). प्रथम 1/(1 + D) चालवला तर x² − 2x + 2 मिळते आणि त्याचे दोनदा समाकलन केले की x⁴/12 − x³/3 + x². उलट प्रथम समाकलन करून मग 1/(1 + D) चालवला तर शेवटी −2x + 2 हे जादा मिळते. मी क्षणभर चक्रावलो; पण 1 आणि x ही दोन्ही y‴ + y″ = 0 ची उत्तरे आहेत, म्हणजे जादा भाग पूरक फलात, आपल्या सी.एफ.मध्ये, जिरून जातो. पहिला क्रम मला पसंत आहे, कारण दुसऱ्यात कोटी आधी दोनने वाढते आणि विस्ताराची दोन पदे फुकट जास्त काढावी लागतात.

नोंद ५

या आठवड्यातला खरा माल येथे आहे. 1/(D² − 3D + 2) चा विस्तार चढत्या घातांनीच का करायचा? छेदातून D² बाहेर काढून उलट्या दिशेनेही जाता येते. 1/D म्हणजे ० पासून x पर्यंत समाकलन असे ठरवले, तर

1/D² + 3/D³ + 7/D⁴ + 15/D⁵ + …

अंश तेच: १, ३, ७, १५! मात्र ही श्रेढी संपत नाही, कारण समाकलनाने x³ कधी शून्य होत नाही. x³ वर चालवून मिळते x⁵/20 + x⁶/40 + x⁷/120 + …, जिचा पूर्वीच्या बहुपदीशी वरवर काहीच संबंध दिसत नाही.

संबंध उलगडला तो अधिक सोप्या समीकरणावर. (D + 1)y = x साठी चढता विस्तार x − 1 देतो; उतरता विस्तार x²/2 − x³/6 + x⁴/24 − … देतो, आणि ही बेरीज म्हणजे x − 1 + e⁻ˣ. फरक e⁻ˣ चा, आणि तो सी.एफ.मधला आहे. उतरत्या विस्तारात प्रत्येक समाकलन ० पासून सुरू होत असल्याने त्याचे उत्तर आपोआप y(0) = 0 ही अट पाळते. विजेच्या मंडलांसाठी ऑपरेटर वापरणाऱ्या हेविसाइड यांनाही हीच दिशा सोयीची होती, कारण त्यांचे मंडल सुरुवातीला स्तब्ध असे.

आता मूळ समीकरणावर तीच गोष्ट पडताळली. y(0) = y′(0) = 0 घातले की चढत्या विस्ताराचे उत्तर असे पुरे होते:

y = x³/2 + 9x²/4 + 21x/4 + 45/8 − 6eˣ + (3/8)e²ˣ

x = 0.1 येथे किंमत काढायला घेतली. कॅल्क्युलेटरवरून सहा दशांश स्थळांपर्यंत आकडे उतरवले: बहुपदी भाग 6.173000, 6eˣ चा भाग 6.631026, शेवटचा भाग 0.458026. पहिल्यातून दुसरा वजा करून तिसरा मिळवला, तर बाकी 0.000000. सूत्र काटेकोर, एकही पाऊल चुकलेले नाही, आणि हातात शून्य! उतरत्या श्रेढीची फक्त तीन पदे घेतली, तर 5 × 10⁻⁷, 2.5 × 10⁻⁸ आणि 8.3 × 10⁻¹⁰ मिळून 5.2583 × 10⁻⁷. मग बहुपदीचे सूत्र बारा दशांश स्थळांनी पुन्हा काढले आणि 0.000000525856 मिळाले, श्रेढीचे चौथे पद, 2.2 × 10⁻¹¹, मिळवल्यावर तिचेही तेवढेच येते.

x मोठा असताना पारडे उलट झुकते. x = 5 ला उतरत्या श्रेढीची पदे आधी चांगलीच वाढतात आणि मग हळूहळू उतरतात, तर बहुपदीच्या सूत्रात e¹⁰ चे पद बाकी सर्वांवर मात करत असल्याने आकडे एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. सीमारेषा x च्या कोणत्या किमतीपाशी आखावी, हे मी पुढल्या आठवड्यात सहा दशांश स्थळे कायम ठेवून x = 0.1 पासून 0.1 च्या पायऱ्यांनी कोष्टक करून पाहणार आहे.