सणाच्या बुकिंगची पाटी मी तीनदा लिहिली

मी ब्लाउज शिवते. पहिल्या वर्षी पाटीवर मी लिहिलं होतं, ‘सणाचं बुकिंग सुरू! त्वरित संपर्क करा.’ फोन वाजत राहिला आणि प्रत्येक जण तेच विचारत होता: कधीपर्यंत द्यायचं, शिलाई किती, कपडा आत्ता आणू का? मशीनवर बसायचं सोडून मी दिवसभर तीच उत्तरं देत होते. शिवाय ‘माझे दोन धरून ठेवा’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणी कपडा घेऊन आल्या सणाच्या चार दिवस आधी. भांडण झालंच.

या वेळी आधी हिशेब मांडला. मी आणि एक मदतनीस मिळून दिवसाला अस्तराचे 5 ब्लाउज होतात, कारण हूक आणि हातशिलाईच वेळ खाते. 3 ते 19 तारखेतल्या दोन सुट्ट्या वगळून दिवस उरले 15, म्हणजे 75 नग. त्यातले 10 सोडून दिले, कारण एखादा दिवस वीज जाते, कधी कुणीतरी आजारी पडतं. बुकिंग 65 चं. सण 24 ला होता, पण कपडा 20 लाच द्यायचा ठरवला. घालून बघितल्यावर बाही घट्ट निघते, ती सोडवायला तीन दिवस हवेत.

मग पाटी लिहिली आणि तिचं चित्र फोनवर पाठवलं:

‘सणाची शिलाई. बुकिंग 1 ते 10 तारीख, फक्त 65 ब्लाउज. आधी भरले तर आधी बंद. कपडा, मापाचा ब्लाउज आणि निम्मी शिलाई दिल्यावर चिठ्ठी मिळेल. चिठ्ठी म्हणजेच बुकिंग. फोन किंवा मेसेजवर जागा धरली जाणार नाही. तयार कपडा 20 तारखेला संध्याकाळी 5 नंतर. फिटिंग 23 पर्यंत मोफत.’

दरावर मी सगळ्यात जास्त अडले. आधी प्रत्येक आकड्यापुढे ‘पासून’ लिहिलं होतं. बहिणीने वाचून विचारलं, ‘म्हणजे माझ्याकडून किती घेणार?’ खरंच होतं. ‘पासून’ काढून साधा आणि अस्तराचा असे दोन ठाम दर लिहिले, खाली ‘लेस, लटकन, पायपिंग वेगळं; रक्कम चिठ्ठीवर लिहून मिळेल’ एवढंच. फोनवर दर विचारणं जवळजवळ थांबलं.

वेळेआधीच, 8 तारखेला, 65 वी चिठ्ठी फाटली. लगेच त्याच चित्रावर आडवं ‘बुकिंग पूर्ण’ लिहून पुन्हा पाठवलं. तरी 12 तारखेला एक बाई कपडा घेऊन दारात. तिच्या फोनवर पहिलं चित्र होतं, कुणीतरी पुढे पाठवलेलं. त्यावर महिना आणि वर्ष घालायचं मी विसरले होते, त्यामुळे ते पुढच्या वर्षीही असंच फिरणार. तिचा एक ब्लाउज राखीव दहातून घेतला. चिठ्ठीवर मात्र निम्मी शिलाई आधी घेतली.