खिडकीतून उरलेला स्टँड

आमच्या गल्लीत कुणाच्याही दारातला लोखंडी स्टँड बघा, मग तो कुंडीचा असो, पाण्याच्या बॅरलचा असो नाहीतर इस्त्रीवाल्याच्या टेबलाखालचा, उंची दीड फूट. कुणी ठरवून केलंय असं नाही. पलीकडच्या गल्लीतसुद्धा तेच. मला बरेच दिवस वाटायचं की दीड फूट हे काहीतरी शास्त्रशुद्ध माप असणार. बॅरलला नळ बसवायचा म्हणून स्टँड करून घ्यायला कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या बाजूला एका वेल्डिंगच्या शेडमध्ये गेले, तेव्हा उत्तर मिळालं. मी म्हटलं, मिस्त्री, पावणेदोन फूट उंच करा. त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, "वैनी, पाय दीड फुटाचंच हुत्यात. खिडकीनं तेवढंच सोडलंय."

खिडकीनं कसं सोडलं, तर असं. लोखंडी अँगलची कांब साधारण वीस फुटांची येते. चार फूट रुंद, साडेचार फूट उंच खिडकीची चौकट करायची, तर उभे दोन तुकडे साडेचारचे आणि आडवे दोन चारचे, एकूण सतरा फूट. कांबीतून उरले तीन. हे तीन फूट पुढच्या खिडकीला उपयोगी नाहीत, कारण त्या खिडकीतलं कुठलंच माप तीन फूट नाही. जोडून वापरता येईल, पण घराच्या खिडकीला मधेच सांधा दिसलेला मालकाला चालत नाही आणि नवीन कांबही दारात पडलेलीच असते. मग तो तुकडा शेडच्या मागच्या भिंतीला टेकतो. एका बंगल्याच्या कामाला असे दहा-बारा तुकडे टेकतात, सगळे एकाच लांबीचे. तीन फुटांचे मधोमध दोन केले की दोन पाय, दीड दीड फुटांचे. आमच्या भागातल्या घरांच्या खिडक्या एकमेकींच्या मापावर झाल्या, म्हणून कुंड्यांची उंचीही एकमेकींच्या मापावर गेली.

तुकड्यांतून वस्तू करणाऱ्याचं काम नेमकं इथे उलटं चालतं. नवीन मालातून करताना आधी माप, मग कापणं. उरलेल्यातून करताना आधी भिंतीशी जाऊन बघायचं काय आहे, मग गिऱ्हाइकाचं माप त्यात बसवायचं. माझ्या बॅरलचा हिशेब मिस्त्रींनी खडूनं फरशीवर मांडला. दोनशे लिटरचं प्लॅस्टिकचं बॅरल, तळाची रुंदी दोन फुटांच्या जरा आतच. म्हणजे वरची चौकट दोन फूट बाय दोन फूट. त्यासाठी चार तुकडे दोन फुटांचे, ते चार खिडक्यांच्या तीन-फुटी तुकड्यांतून. प्रत्येकाचा एक फूट उरला. पायांसाठी आणखी दोन खिडक्या. असे सहा तुकडे मिळून अठरा फूट अँगल, पस्तीस बाय पाचचा, म्हणजे दोन्ही बाजू पस्तीस मिलिमीटरच्या आणि जाडी पाच. हा अँगल मीटरला दोन किलो सहाशे ग्रॅम भरतो, त्यामुळे स्टँड चौदा किलोच्या आसपास.

उरलेले चार एक-फुटी तुकडे मी मनातल्या मनात भंगारात टाकले होते. पण खरं काम त्यांचंच. भरलेलं बॅरल दोनशे किलोंच्या वर जातं, म्हणजे एकेका पायावर पन्नास किलो. एवढं सरळ खाली येणारं वजन अँगलला जड नाही. भीती असते ती बॅरल बाजूला ढकललं जाण्याची. कुणी बादली आपटली, पोरगं लटकलं, की चारही पाय एका दिशेला कलायला बघतात आणि सगळा ताण वरच्या कोपऱ्यातल्या वेल्डिंगवर येतो. म्हणून चारही बाजूंना एकेक एक-फुटी तुकडा तिरका, पायापासून चौकटीपर्यंत टेकू म्हणून मारला. चौकटीची आणि पायाची अशी त्रिकोणात गाठ पडली की मग स्टँड सहज हलत नाही.

चौकटीचा अँगल कसा ठेवायचा यातही बघण्यासारखं आहे. एक बाजू उभी वर, एक आडवी आत. उभ्या बाजूमुळे बॅरलला कठडा मिळतो आणि आडव्यावर ते बसतं. पण गोल बॅरल चौकोनात ठेवलं तर आडव्या पट्टीवर ते चारच ठिकाणी टेकतं. लोखंडी बॅरलला ते एकवेळ चालेल. प्लॅस्टिकचा तळ मात्र मधे झोळ धरतो आणि उन्हाळ्यात मऊ पडला की टेकल्या जागी चिरतो. म्हणून मधे आडवे गज लागतात. ते ग्रीलच्या कामातले, दहा मिलिमीटरचे चौकोनी. सहा गज सारख्या अंतरानं टाकले, काही अर्धा इंच आखूड होते ते मिस्त्रींनी कडेला लावले, कारण कडेला भार कमी.

वेल्डिंग मी जवळून बघत होते, म्हणजे जेवढं बघू दिलं तेवढं. "हिकडं बघू नगा, डोळं जातील," हे दर पाच मिनिटांनी. चार पाय आणि चौकट आधी पूर्ण जोडत नाहीत. प्रत्येक कोपऱ्यावर नुसता एकेक टाका. मग चौकट सपाट प्लेटवर ठेवून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घेतात. दोन्ही सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. आमची तीन-चार मिलिमीटरनं चुकली होती. लांब तिरक्याच्या एका टोकावर हातोडीचा एक ठोका बसला आणि मापं जुळली. हेच पूर्ण वेल्डिंगनंतर कळलं असतं तर ग्राइंडरनं सांधा कापण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि पक्कं वेल्डिंग करतानाही एक कोपरा संपवून शेजारचा घेत नाहीत, समोरासमोरचे घेतात. तापलेलं लोखंड गार होताना आकसतं आणि ज्या बाजूला आधी वेल्डिंग झालं त्या बाजूला ओढतं. चार पायांचा स्टँड तीनच पायांवर उभा राहतो तो बहुतेक यामुळे. फरशीचा दोष नसतो.

उरलेल्या मालाचं एक दुखणं नवीन मालाला नसतं. तो पावसात पडलेला असतो. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने शेडच्या मागच्या भिंतीला धार. गंज आणि जुना रंग न खरवडता वेल्डिंगचा रॉड टेकवला तर वरून रेघ चांगली दिसते, पण आत लोखंडानं लोखंड धरलेलंच नसतं, नाहीतर सांध्यात बारीक भोकं पडतात. रॉड दमट असेल तरी तेच, शिवाय ठिणग्या जास्त उडतात. ओळखायचं कसं, तर वरची काळी खपली हातोडीनं उडवायची आणि खाली बघायचं. चांगल्या सांध्यात दोन्ही बाजूंचं लोखंड वितळून काठ मिसळलेले दिसतात. वाईट सांधा चिमणीनं वर घाण करून ठेवावी तसा नुसता बसलेला असतो, कडेला नख लागतं. स्टँड करून घेणाऱ्या कुणाचंही रंगाआधी हे बघायचं राहून जातं, कारण स्टँड रंग मारूनच दारात येतो. मी आता सांगते, रंग माझ्यासमोर मारा.

भंगारात जस्त चढवलेल्या पाइपांचे तुकडेही असतात, पाण्याच्या जुन्या लाइनचे. फुकट मिळतात म्हणून मोह होतो. त्यांना वेल्डिंग लागलं की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. शेडमधला पोरगा मला म्हणाला, त्यावर गूळ-दूध घेतात. कोल्हापुरात कशावरही गूळ सुचवतात. खरा उपाय म्हणजे सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढायचं, उघड्यावर काम करायचं आणि वारा बघून, धूर तोंडावर येणार नाही असं उभं राहायचं. मिस्त्री असे पाइप घेतच नाहीत, त्यांना त्या तापाची चव माहीत आहे.

पायाखाली चकत्या लागतात. नुसत्या अँगलची टोकं फरशीत रुततात आणि पाणी साचलं की तिथूनच गंज वर चढतो. या चकत्या शिरोलीकडच्या एका प्रेसशॉपच्या, पत्र्यातून भोक पाडल्यावर पडलेल्या गोल टिकल्या, किलोवर मिळणाऱ्या. म्हणजे माझ्या स्टँडमध्ये कुणाच्या तरी भोकांचाही वाटा आहे.

पैशाचं गणित मात्र मला वाटलं होतं तसं नाही. तुकड्यांचा स्टँड स्वस्त पडावा असं आपण धरून चालतो. नवीन लोखंडाचा दर आणि भंगाराचा दर यात चांगलं अंतर असतं हे खरं, आणि ते अंतर मिस्त्रींचं. पण चौदा किलोंच्या नव्या कामापेक्षा यात काप जास्त, घासणं जास्त, रॉड जास्त, ग्राइंडरची चाकं जास्त. म्हणून नवीन काम किलोवर, तुकड्यांचं काम अंदाजावर. माझी घासाघीस थांबली ती त्यांनी घासलेल्या तुकड्यांचा लालसर भुगा झाडूनं गोळा करून दाखवला तेव्हा. वीतभरापेक्षा आखूड तुकड्याला ते हातच लावत नाहीत. तो भंगारवाल्याकडे जातो, आणि तिथून बरेचदा इथल्याच एखाद्या फाउंड्रीच्या भट्टीत.

एक प्रश्न मात्र मी विचारला नाही, विचारायला हवा होता की नाही हेही माहीत नाही. त्या खिडक्यांच्या मालकानं वीस फुटांचे पैसे मोजले, सतरा फुटांची खिडकी नेली. मग तीन फूट कुणाचे? शिंप्याकडे ब्लाउजचं उरलेलं कापड मागून घेणाऱ्या बायका आहेत, पण अँगलचे तुकडे परत मागणारा मालक मी अजून पाहिला नाही.

हल्ली भिंतीशी टेकलेला माल बदलत चाललाय. नवीन घरांना अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात, आणि ते तुकडे मिस्त्रींच्या साध्या मशीनवर जोडता येत नाहीत. लोखंडाचं काम उरलं ते गेटचं, जिन्याच्या कठड्याचं आणि सुरक्षा जाळीचं, आणि त्यात चौकोनी पाइप. हा पाइप हलका, पत्रा पातळ, रॉड जाड आणि करंट जास्त झाला की लगेच भोक. पोरगा त्यावरच शिकतोय, म्हणून शेडमध्ये भोकं पडलेल्या पाइपांचा वेगळा ढीग आहे. कठड्याचे तुकडे सव्वा फुटाचे उरतात, असं मिस्त्री परवा सांगत होते. शेजारच्या काकूंनी कुंड्यांसाठी त्यातलेच दोन स्टँड सांगितलेत.