दहाचा शेअर दीडशेला दिला, तरी ‘स्वस्त’? आयकराच्या एका प्रश्नाचं उत्तर देताना

आमची कंपनी सोयाबीनची ओल मोजणारं यंत्र बनवते. आडतीवर ‘ओल जास्त आहे’ म्हणत भाव पाडला जातो, त्यावरून सुचलेला धंदा. दोन वर्षांपूर्वी दोन ओळखीच्या माणसांनी पंधरा लाख घातले. आम्ही दहा रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर १५० रुपयांना दिले, म्हणजे शेअरमागे १४० रुपये प्रीमियम. त्यातले ६,००० घेतले आमच्या काकांनी. सख्खे काका नव्हेत, वडिलांचे मित्र. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. किंमत ऐकून तेव्हा ते म्हणाले होते, “पोरी, जरा महागच लावलेस.”

एक दिवस त्यांचा फोन आला. “अगं, हे इन्कम टॅक्सवाले म्हणतात तू मला शेअर स्वस्तात दिलेस. स्वस्तात मिळाले ते माझं उत्पन्न म्हणे!”

काकांचं विवरणपत्र तपासणीला निघालं होतं आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३३(६) खाली कंपनीलाही माहिती मागवणारी नोटीस आली. आमच्या तेव्हाच्या सीएने न वाचताच सांगितलं, “काही नाही, डीपीआयआयटीचं स्टार्टअप मान्यतापत्र जोडून टाका.” ते जोडून काही होत नाही, हे मला स्वतः वाचून कळलं. त्या मान्यतेने मिळणारी सूट ‘एंजल टॅक्स’साठी होती, म्हणजे कलम ५६(२)(viib). शेअर वाजवीपेक्षा महाग विकले तर कंपनीला लागणारा तो कर, आणि २०२५-२६ या आकारणी वर्षापासून तो रद्दही झाला. आमचा प्रश्न उलट्या दिशेचा होता: कलम ५६(२)(x). शेअर वाजवी मूल्यापेक्षा स्वस्तात मिळाले आणि फरक पन्नास हजारांच्या वर गेला, तर सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न. स्टार्टअपची मान्यता इथे उपयोगाची नाही. पुढच्या पाच वर्षांच्या कमाईचा अंदाज मांडून काढलेला मूल्यांकन अहवालही नाही, कारण या कलमाखाली साध्या शेअरचं वाजवी मूल्य नियम ११UA मधल्या ठरलेल्या सूत्रानेच निघतं. ते सूत्र ताळेबंदावरचं आहे: मालमत्ता वजा देणी, भागिले शेअर. त्यात एक मेख आहे. जमीन पुस्तकी किमतीला धरायची नाही, मुद्रांक शुल्कासाठी सरकार जी किंमत धरतं ती धरायची. म्हणजे रेडी रेकनरची, सरकारी दरतक्त्याची.

आमच्याकडे दोन हजार चौरस मीटर बिनशेती जमीन आहे, शेडसाठी घेतलेली. पुस्तकात १२ लाख. अधिकाऱ्याने ३,५०० रुपये दर लावून ती ७० लाख केली. बाकी मालमत्ता ७७ लाख, देणी ३० लाख. उरले ११७ लाख. भागिले जुने ५०,००० शेअर: २३४ रुपये. आम्ही दिले १५० ला, म्हणजे ८४ रुपये कमी. काकांच्या सहा हजार शेअरवर पाच लाख चार हजारांचं ‘उत्पन्न’, जे त्यांनी कधी पाहिलंच नाही.

यातली पहिली चूक मला कागद समोर घेऊन बसल्यावर सापडली. ७७ लाखांत काकांचे आणि दुसऱ्या गुंतवणूकदाराचे पंधरा लाखही होते. शेअर वाटपाच्या दिवसाचा ताळेबंद आम्ही वाटपाची नोंद करण्याआधीचा काढला होता. त्यात पैसे बँकेत आलेले दिसतात, पण शेअर अजून जुनेच. आणि कंपनी कायद्याच्या नमुन्यात वाटपाआधीचे अर्जाचे पैसे देण्यांत दाखवत नाहीत. भांडवल आणि देणी यांच्या मधे त्यांची वेगळी ओळ असते. अधिकाऱ्याने ‘देणी’ ही ओळ उचलली, मधली ओळ सुटली. ते पंधरा लाख वजा केले की २३४ चे २०४ होतात. हे समजावायला एक पान पुरलं आणि त्यावर पुढे काही विचारणाही झाली नाही.

अडलं ते जमिनीवर. आमचं गाव महामार्गावर आहे आणि दरतक्त्यात महामार्गालगतच्या जमिनीला वेगळा, चढा दर आहे. आमच्या गटाचा पुढचा पोटहिस्सा रस्त्याला लागून आहे, आमचा मागचा. मागच्याचा दर त्या वर्षी २,०००. सातबाऱ्यावर गट नंबर एकच दिसतो, पोटहिस्सा नीट पाहिला तरच फरक कळतो. मी मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून दराचं पान छापून पाठवलं. उत्तर आलं, सही-शिक्क्याची नक्कल द्या.

मग नक्कल मागायला गेले. (कोणतं कार्यालय ते लिहीत नाही; मराठवाड्यात फिरलेल्याला ओळखायची गरजही नाही.) टेबलावरचे साहेब म्हणाले, “दस्त कुठाय?” मी म्हटलं, दस्त नाही, मला विकायचंच नाही, फक्त त्या वर्षीचा दर हवाय. “मग मूल्यांकन कशाचं करायचं?” दुसऱ्या टेबलावर सांगितलं, अभिनिर्णयाचा अर्ज करा. दस्तावर किती मुद्रांक शुल्क लागेल ते ठरवून घेण्याचा हा अर्ज; तो करायलाही दस्ताचा मसुदा लागतो. तिसऱ्याने सरळ विचारलं, “मॅडम, जमीन विकून टाका ना, लगेच निघेल.” मी हसले नाही. माझ्या नोटिशीची मुदत पोर्टलवर पळत होती आणि इथे चहाची वेळ झाली होती.

सुटका साधी निघाली. मला मूल्यांकन नकोच होतं, दरतक्त्याच्या एका पानाची प्रत हवी होती. ती माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. वर्ष, गाव, गट, पोटहिस्सा आणि ‘साक्षांकित प्रत’ हे शब्द नेमके लिहिले. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. अर्जाची पोच जोडून पोर्टलवर मुदतवाढ मागितली, मिळाली. सोबत भूमी अभिलेखाचा मोजणी नकाशा लावला, कारण दरतक्ता फक्त आकडा सांगतो. आपला तुकडा रस्त्याला लागत नाही हे नकाशाच दाखवतो. घाईत असाल तर मोजणीची फाइल आधी काढा.

पान हातात आलं तेव्हा मला एवढा आनंद झाला की काकांना दुकानात जाऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, “एवढंच?”

नवा हिशोब: इतर मालमत्ता ६२, जमीन ४०, वजा ३०, म्हणजे ७२ लाख, भागिले ५०,०००. शेअरमागे १४४. वाटपानंतरचं चित्र धरलं तरी ७७ अधिक ४० वजा ३०, भागिले ६०,०००: १४५. दोन्हीकडून दीडशेच्या आत. दोन्ही मांडण्या मुद्दाम दिल्या, म्हणजे ‘आधीचा आकडा की नंतरचा’ हा वाद उरत नाही.

‘नवे शेअर देणं म्हणजे मालमत्ता मिळणं नव्हेच’ हा कायद्याचा मुद्दा आम्ही शेवटी, पर्यायी म्हणून घातला. न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. आकड्याने काम होत असेल तर आकडाच पुढे करा. काकांच्या आकारणीच्या आदेशात उत्पन्नात काही वाढ झाली नाही.

एक सांगायचं राहिलं. ताळेबंद वाटपाच्या तारखेचाच लागतो, आणि लेखापरीक्षकाची सही असलेला. एंजल टॅक्सच्या हिशोबाला सर्वसाधारण सभेने मंजूर केलेला मागचा ताळेबंद चालायचा, म्हणून बऱ्याच जणांकडे तोच असतो. वर्षभराने जुन्या तारखेचा ताळेबंद काढून त्यावर सही मिळवणं म्हणजे वेगळीच डोकेदुखी. कंपनीकडे जमीन किंवा शेड असेल तर किंमत ठरवण्याआधीच त्या वर्षीच्या दराने हे सूत्र एकदा करून पाहा. आकडा जवळ आला तर प्रीमियम दहा-वीस रुपयांनी वाढवता येतो. वाटप झाल्यावर ते हातात राहत नाही.