दर दहा सेकंदांनी एक झोत

महोत्सवाची प्रवेशिका रात्री बाराला बंद होणार होती आणि संध्याकाळी पाचला सिनेमा करणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या दारात उभी. "दादा, सिनेमा झालाय. फक्त लॉगलाइन आणि सिनॉप्सिस राहिलंय." हे 'फक्त' मी बरीच वर्षं ऐकत आलोय.

सिनेमा दहा मिनिटांचा, एका म्हाताऱ्या दीपगृह-रखवालदाराचा. संवाद नाहीत. कागदावर कोळशानं चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं, असं करत ॲनिमेट केलेला. दिव्याचा झोत तर तिनं खोडरबरानंच काढला होता. कोळसा पुसला की तेवढा उजेड.

आणि तिची लॉगलाइन होती : 'एकटेपणा, काळ आणि प्रकाश यांचा काव्यात्म प्रवास.'

"ही दीपगृहाच्या कुठल्याही सिनेमाला चालेल," मी म्हटलं. "मेणबत्तीच्या सिनेमालाही चालेल."

ती रुसली. पण लॉगलाइन म्हणजे पोस्टरवरची ओळ नव्हे. माणूस कोण, त्याला काय करायचंय, आडवं काय येतं आणि नाही जमलं तर काय बिघडेल, एवढं पंचवीस-तीस शब्दांत कळलं पाहिजे. म्हणून आधी सिनेमा पाहिला. मधोमध वादळाची रात्र आहे. भिंग फिरवणारं यंत्र बंद पडतं आणि म्हातारा उजाडेपर्यंत ते जडशीळ भिंग खांद्यानं रेटत फिरवत राहतो.

"दिवा तर पेटलेलाच आहे. मग फिरवायचा कशाला?" मी विचारलं.

तिचे आजोबा कोकणात दीपगृहावर होते. ती म्हणाली, "अहो, प्रत्येक दीपगृहाची चाल वेगळी असते. कुठे दहा सेकंदांत एक झोत, कुठे वीस सेकंदांत दोन. नकाशावर ती चाल लिहिलेली असते. अंधारात तांडेल सेकंद मोजतो आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ठरवतो. चाल चुकली तर तो स्वतःला भलत्याच ठिकाणी समजेल. त्यापेक्षा विझलेला दिवा परवडला, असं आजोबा म्हणायचे."

"मग हे कुठे लिहिलंयस?"

तिनं ते कुठेच लिहिलं नव्हतं. घरात रोज ऐकलेली गोष्ट, जगालाही ठाऊकच असणार असं तिला वाटत होतं. तासाभरात ओळ झाली : 'वादळी रात्री दीपगृहाचं यंत्र बंद पडतं, तेव्हा म्हातारा रखवालदार भिंग हातानं फिरवत राहतो, दर दहा सेकंदांनी एक झोत, कारण चाल चुकली तर खलाशी या दिव्याला दुसराच दिवा समजतील.' 'काव्यात्म' गेलं. कोळशाचा उल्लेखही काढून दिग्दर्शकीय टिपणात टाकला, कारण तो गोष्टीचा भाग नव्हता.

सिनॉप्सिसवर खरा वाद झाला. तिनं शेवट लिहिलाच नव्हता. म्हणे उत्सुकता राहू दे. अर्जात दोन चौकटी होत्या. छोटी पुस्तिकेत छापली जाणार होती, तिथे शेवट झाकलेला बरा. मोठी निवड समितीसाठी होती. गोष्ट शेवटपर्यंत पेलली आहे का, हे त्यांना वाचूनच कळायला हवं. म्हणून तिथे सरळ लिहिलं : सकाळी एक होडी नेहमीसारखी पुढून निघून जाते, वर कुणी पाहतही नाही, आणि म्हातारा नोंदवहीत 'सर्व ठीक' एवढंच लिहितो. रात्रभर त्यानं काय केलं ते कुणालाच कळत नाही. हे वाक्य लिहिताना मला पहिल्यांदा तो सिनेमा आवडला.

साडेनऊला इंग्रजी भाषांतर झालं. सहज म्हणून मी घड्याळ लावून रेटण्याचा प्रसंग पुन्हा पाहिला. झोत साडेसात सेकंदांनी येत होता. पुन्हा मोजला, तरी साडेसातच. लॉगलाइन दहा म्हणत होती आणि परीक्षकांत मोजणारा एखादा निघाला असता.

लॉगलाइनमधला आकडा बदलता आला असता. पण आधीच्या दृश्यात यंत्र चालू असताना झोत बरोब्बर दहा सेकंदांनी पडत होता. म्हणजे सिनेमातच म्हाताऱ्याची चाल चुकत होती, आणि तो ती सांभाळतोय असं आम्ही लिहीत होतो.

सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर अडीच सेकंदांच्या 60 फ्रेम होतात. तेवढ्या प्रत्येक दोन झोतांमध्ये कमी होत्या. पण झोतांमध्ये काय असतं? अंधार. नवं चित्र लागणारच नव्हतं. काळी फ्रेम तेवढी लांबवायची आणि पावसाचा आवाजही तेवढाच लांबवायचा. त्या प्रसंगात अशी चार अंतरं होती, म्हणजे दहा सेकंद वाढले. प्रसंग उलट बरा झाला. त्या वाढलेल्या काळोखात म्हाताऱ्याचा दम ऐकू येऊ लागला.

अर्जात लांबी दहा मिनिटं भरून झाली होती, म्हणून ते दहा सेकंद श्रेयनामावलीतून कापले. बाराला सहा मिनिटं असताना फाइल चढली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर कापलेल्या पाट्यांत 'लेखन साहाय्य' ही माझी पाटीही होती.